आठवड्याची खतावणी

या वर्षी ऑगस्टमधल्या एका शनिवारी वहीची मागची पाने चाळताना एक ओळ सारखी दिसू लागली: ‘गावच्या जमिनीची वारसनोंद’. त्या आठवड्याच्या यादीत ती होती, आदल्या आठवड्यात होती, त्याच्या आदल्याही. मोजले तर सलग सात शनिवार मी तीच ओळ त्याच शब्दांत खाली उतरवून घेतली होती. बाबांना जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते, आणि वारस मिळाल्याची खबर तलाठी कार्यालयाला तीन महिन्यांच्या आत द्यावी असे जमीन महसूल कायदा सांगतो. काम आठवत नव्हते असे नाही, दर शनिवारी आठवत होते. आठवून, लिहून, पुन्हा तिथेच राहत होते.

बाबा कोल्हापूरला गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवसभरात दुकानात जे घडेल ते रोजकीर्दीत चढायचे: कोणाचे किती रवे आले, काय भाव फुटला, कोणाला किती उचल दिली. कीर्द ही घडेल त्या क्रमाने लिहिलेली असते. ती वाचून त्या दिवसाचे सगळे कळते, पण एखाद्या शेतकऱ्याकडे एकूण येणे किती हे कळत नाही. त्यासाठी बाबा सवडीने बसून कीर्दीतली प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर उचलायचे. ती खतावणी. खतावणीत रकमेशेजारी कीर्दीचे पान लिहिलेले असे, म्हणजे बाकी कधीपासूनची आहे हे बोट ठेवून दाखवता यायचे. हंगाम संपताना मालकांसमोर वही उघडली की प्रश्न एवढाच असे: ही बाकी वसूल होणार कशी, आणि होणार नसेल तर बुडीत कधी धरायची?

कामांचा साप्ताहिक आढावा मी गेली सहा वर्षे घेते आहे. मी घरून भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. साहेब नाही, हजेरी नाही, त्यामुळे आठवडा कुठे गेला हे विचारणारेही कोणी नाही. सुरुवातीची दोन वर्षे माझा आढावा म्हणजे नुसती रोजकीर्द होती. झालेल्या कामांवर रेघ मारायची आणि न झालेली पुढच्या पानावर उतरवायची. त्या ऑगस्टच्या शनिवारी लक्षात आले की न झालेल्या कामांच्या बाबतीत मी अजूनही तेच करते आहे. बाकी पुढे ओढत होते, पण तिच्यापुढे ती केव्हापासूनची आणि का राहिली हे लिहीत नव्हते. आढाव्याची सगळी मांडणी मग त्या बाजूने पुन्हा केली. तीच इथे सविस्तर सांगते.

अपुरे काम मनाला टोचत राहते हे सगळ्यांनाच माहीत असते. मानसशास्त्रात त्याला नाव मिळाले ते ब्ल्युमा झायगार्निक या संशोधिकेमुळे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करताना तिने लोकांना मणी ओवणे, कोडी सोडवणे, आकडेमोड अशी छोटी छोटी कामे दिली आणि त्यांतली निम्मी मध्येच थांबवली. नंतर आठवायला सांगितले तेव्हा मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आठवली. हे 1927 साली प्रसिद्ध झाले. पुढे अनेकांनी हा प्रयोग केला, आणि दर वेळी तोच निकाल आला नाही. म्हणून ‘अपुरे तेच जास्त आठवते’ याला मी नियम मानत नाही.

मला जास्त उपयोगी वाटला तो मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांचा 2011 सालचा अभ्यास. त्यांनी काही लोकांना त्यांच्या अपुऱ्या कामांची आठवण करून दिली आणि मग एका रहस्यकथेचा उतारा वाचायला दिला. वाचताना त्यांचे मन पुन्हा पुन्हा त्या कामांकडे जात होते. दुसऱ्या गटाला मात्र वाचनाआधी ते काम कसे, केव्हा करणार हे नेमके ठरवून लिहायला सांगितले होते. त्यांच्या मनातले ते येणेजाणे थांबले. काम दोन्ही गटांचे तितकेच अपुरे होते. म्हणजे मन शांत व्हायला काम संपण्याची वाट बघावी लागत नाही, पुढचे पाऊल नक्की झालेले पुरते. माझ्या सात ओळींत नेमके तेच नव्हते. ‘वारसनोंद’ हा शब्द मी लिहीत होते, पण त्यात करायचे असे काहीच नव्हते.

आता वेळ आणि जागा. आढावा कधी घ्यायचा यावर मी बरेच प्रयोग केले. रविवारची रात्र बहुतेकांना सुचते, मलाही सुचली होती. पण रविवारी रात्री कोणाला फोन करता येत नाही, कार्यालये बंद, छापखाना बंद, आणि अपुऱ्या कामांची यादी उशाशी घेऊन झोपावे लागते. ‘गेटिंग थिंग्ज डन’ या 2001 सालच्या पुस्तकातून साप्ताहिक आढावा जगभर पोचवणारे डेव्हिड ॲलन कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोनेक तास राखून ठेवायला सांगतात. त्यामागचे कारण व्यवहाराचे आहे: आठवडा अजून आठवत असतो, आणि ज्याला विचारायचे तो माणूस अजून जागेवर असतो. माझा छापखाना शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत उघडा असतो, म्हणून मी शनिवारी चारला बसते. दोन तास मात्र मला लागत नाहीत. पन्नास मिनिटे पुरतात, आणि पन्नास मिनिटे झाली की वही मिटायची हे ठरलेले आहे.

बसण्याआधी वहीत रोजची एकेक ओळ हवी. आढाव्याचा अर्धा भार इथेच हलका होतो. रोज रात्री जेवणानंतर दोन मिनिटांत त्या दिवशी काय हातावेगळे झाले ते मी लिहिते. हे नसेल तर शनिवारी सोमवार आठवत नाही. ज्यांना रोज लिहिणे जमत नाही त्यांनी फोनमधले पाठवलेले निरोप आणि केलेले फोन मागे जाऊन पाहावेत. आपण काय मिळवले यापेक्षा काय पाठवले यात आठवड्याची खरी नोंद असते. मी तेही पाहते, शिवाय कॅलेंडर, पर्समधल्या पावत्या आणि टेबलावरचा कागदांचा ट्रे. या पाच ठिकाणांहून काय काय राहिले हे एका पानावर उतरवायला पंधरा मिनिटे लागतात. या पंधरा मिनिटांत कुठलेही काम करायचे नाही. इथेच आढावा फसतो. पावती दिसली की बिल भरावेसे वाटते, निरोप दिसला की उत्तर द्यावेसे वाटते, आणि तासाभराने सहा किरकोळ कामे झालेली असतात पण आढावा अर्ध्यावर पडलेला असतो. करायला दोन मिनिटेच लागणारे कामसुद्धा मी कागदावर लिहिते आणि नंतरसाठी ठेवते.

मग झालेल्या कामांचा सारांश. इथे शब्द महत्त्वाचे ठरतात. पहिल्या वर्षीच्या माझ्या वहीत ‘भाषांतर चालू’, ‘मुद्रिते पाहिली’, ‘बँकेचे काम’ अशा नोंदी आहेत. आज त्या वाचून मला काहीही कळत नाही. आता मी लिहिते: ‘प्रकरण 6, पाने 112 ते 131, दुरुस्त करून प्रकाशकांकडे पाठवले.’ नोंद वाचून दुसऱ्या माणसाला काम संपले की नाही हे सांगता आले पाहिजे, एवढी एकच कसोटी मी लावते. संपले नसेल तर ते या बाजूला येत नाही, कितीही तास घातलेले असोत. त्या तासांची नोंद वेगळी करते, तिचा उपयोग पुढे येईल.

झालेल्या कामांचे मी दोन भाग करते: ठरवून झालेली आणि न ठरवता झालेली. कुठल्याही आढाव्यात हा भेद नसेल तर माझ्या मते तो घेऊन फारसा उपयोग नाही, कारण पुढच्या आठवड्याला किती काम झेपेल हे फक्त यातूनच कळते. त्याच ऑगस्टच्या आठवड्याचे उदाहरण घेते. आदल्या शनिवारी मी चौदा कामे लिहिली होती. त्यांतली आठ झाली: सहावे प्रकरण गेले, एका दिवाळी अंकाच्या दोन लेखांची मुद्रिते तपासून झाली, एक बिल पाठवले, एका जुन्या बिलाची आठवण फोन करून दिली, आईचे डोळे तपासून आणले, घरपट्टी भरली, मुलीचा परीक्षेचा अर्ज भरला, वाचनालयाची पुस्तके परत केली. सहा राहिली. एवढेच पाहिले असते तर आठवडा निम्माशिम्मा गेला असे वाटले असते. पण दुसऱ्या भागात सात नोंदी होत्या. दोन दिवस पाहुणे, शेजारच्या काकूंना दवाखान्यात नेणे, मिक्सर दुरुस्तीला, दिवाळी अंकातल्या एका लेखाचे पुन्हा आलेले मुद्रित, आणि अशीच आणखी तीन. म्हणजे पंधरा कामे झाली होती, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी यादीबाहेरची होती.

मागच्या चार आठवड्यांची पाने पाहिली तर ठरवून झालेल्या कामांचे आकडे होते आठ, सात, नऊ, आठ. मी मात्र दर वेळी तेरा-चौदा लिहीत होते. त्या दिवसापासून यादीला नऊची मर्यादा घातली. पाहुणे येणारच आहेत, मुद्रिते परत येणारच आहेत, फक्त कोणत्या दिवशी हे माहीत नसते. यादीत त्यांच्यासाठी जागा सोडावी लागते.

आपण अंदाज बांधताना एवढे का चुकतो याचा अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 साली या चुकीकडे लक्ष वेधले. पुढे 1994 मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले. सरासरी उत्तर आले सुमारे 34 दिवस. सगळे काही बिघडत गेले तर किती लागतील असेही विचारले, तेव्हा उत्तर आले सुमारे 49. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून थोडे जास्तच लागले. सर्वांत वाईट धरलेला अंदाजही अपुरा पडला. आपण समोरच्या कामाचे चित्र डोळ्यांपुढे आणून अंदाज बांधतो, आणि त्या चित्रात पाहुणे नसतात. मागच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता हे आठवून अंदाज बांधला तर तो जमिनीवर येतो. पण आठवणीवर भरवसा नाही, त्यासाठी वही हवी. माझे चौथे प्रकरण सात दिवसांत, पाचवे आठ, सहावे नऊ दिवसांत झाले असे वही सांगत होती. सातवे प्रकरण बावीस पानांचे, आणि त्यासाठी मी पाच दिवस धरले होते. शनिवारपर्यंत बारा पाने झाली. आधी मला ते अपयश वाटले होते, वही पाहिल्यावर ते काम नेहमीच्याच गतीने चालले आहे हे दिसले. चुकली होती ती तारीख. प्रकाशकांना त्याच संध्याकाळी फोन केला आणि तीन दिवस पुढचे सांगितले. शनिवारी चारला बसण्याचा फायदा हा असा.

आता राहिलेली कामे. आढाव्याची वीस मिनिटे मी यांनाच देते, कारण झालेल्या कामांना फक्त नोंद लागते, राहिलेल्यांना निर्णय लागतो. प्रत्येक बाकीपुढे मी दोन गोष्टी लिहिते. एक, ती पहिल्यांदा यादीत आली तो दिनांक. हे बाबांच्या कीर्द-पानासारखे आहे. दुसरी, ती का राहिली याचे कारण, दोन-तीन शब्दांत. कारणे मोजकीच असतात असे मला दिसले. माझ्याकडूनच राहिले, वेळ मिळाला नाही. दुसऱ्याकडे अडले. काम वाटले त्यापेक्षा मोठे निघाले. किंवा मनापासून करायचेच नाही. कारण खरे लिहिले की पुढे काय करायचे ते बहुतेक वेळा त्यातच असते.

त्या आठवड्याच्या सहा बाक्या अशा. सातव्या प्रकरणाचे वर सांगितलेच, काम चालू आणि तारीख बदलली. पाण्याच्या टाकीची सफाई दुसऱ्याकडे अडली होती, येणारा माणूस आला नव्हता. अशा कामाला माझ्या यादीत जागा देत नाही, ते ‘वाट’ या वेगळ्या रकान्यात जाते. तिथे माणसाचे नाव आणि पुन्हा विचारायचा दिवस लिहिते. वाचनालयातल्या भाषणाची टिपणे माझ्याकडूनच राहिली. भाषण तीन आठवड्यांनी होते, म्हणून टिपणांना मंगळवार सकाळचा दीड तास नेमून दिला. पुस्तकाची शब्दसूची टंकित करणे हे काम मोठे निघाले. चारशेहून जास्त शब्द होते. ते ‘पहिली दोन पाने टंकित करणे’ असे लहान केले. जर्मनचा धडा पाच आठवडे बाकी होता. हौसेने सुरू केला होता, पुस्तकही घेतले होते. खरे कारण लिहायला बसले तेव्हा ‘या वर्षी नको’ असे लिहिले गेले, आणि मी ती ओळ बुडीत खात्यात टाकली. बुडीत खाते म्हणजे वहीच्या शेवटी राखलेली दोन पाने. तिथे तारीख टाकून काम लिहायचे आणि यादीतून काढायचे. हे पान ठेवल्यापासून एखादे काम सोडून देणे मला सोपे जाते, कारण ते हरवत नाही, तिथे असते. वर्षातून एकदा, पाडव्याला, ते पान वाचते. मागच्या वर्षी त्यातले एक काम परत यादीत आले.

राहिली ती वारसनोंद. पहिली तारीख टाकली: सात आठवड्यांपूर्वीची. कारण लिहिताना लेखणी थांबली. वेळ मिळाला नाही हे खरे नव्हते, तेवढ्या दिवसांत मी घरपट्टी भरली होती, वाचनालयात गेले होते. कोणाकडे अडले होते असेही नाही, कारण कोणाला काही विचारलेच नव्हते. मग लिहिले: ‘कुठून सुरू करायचे माहीत नाही.’ हे पाचवे कारण, आणि जुन्या बाक्यांमागे मला तेच सर्वांत जास्त वेळा सापडले आहे. यादीत जे एक काम म्हणून दिसते ते प्रत्यक्षात आठ-दहा कामांचे गाठोडे असते, आणि गाठोड्यावर रेघ मारता येत नाही.

म्हणून माझा नियम असा झाला आहे की तिसऱ्या शनिवारी तेच शब्द पुन्हा उतरवायचे नाहीत. तिसऱ्यांदा आलेले काम एक तर फोडायचे, नाही तर वाटेच्या रकान्यात घालायचे, नाही तर बुडीत धरायचे. चौथा पर्याय ठेवलेला नाही. वारसनोंद सातव्यांदा आली होती, म्हणून त्या दिवशी उरलेली सगळी मिनिटे तिलाच दिली.

फोडायचे म्हणजे शेवटाकडून मागे यायचे. शेवट काय? सातबाऱ्यावर बाबांच्या जागी आईचे, दादाचे आणि माझे नाव. त्याआधी मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित करायला हवा. त्याआधी फेरफार नोंदवून हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबावे लागते. त्याआधी गाव नमुना 6-क या वारसांच्या नोंदवहीत प्रकरण चढून चौकशी व्हायला हवी. त्याआधी अर्ज, तो आता ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, आणि जमिनीचा गट क्रमांक व खाते क्रमांक. एवढे लिहून झाल्यावर दिसले की माझ्या हातात पहिल्या दोन-तीन पायऱ्याच आहेत, बाकी सगळा ‘वाट’ रकाना आहे. आणि अगदी पहिली पायरी म्हणजे गावी असलेल्या चुलतभावाला, आप्पाला, फोन करून खाते उताऱ्याचा फोटो मागवणे. चार मिनिटांचे काम. आढावा संपायच्या आत तो फोन झाला. “ताई, सोमवारी काढून पाठवतो की,” आप्पा म्हणाला. सात आठवडे मी ज्या ओळीला वळसा घालत होते तिची सुरुवात इतकी लहान होती.

शेवटची दहा मिनिटे सारांशाची. आढाव्याचे पान तीन-चार रकान्यांनी भरलेले असते, ते पुन्हा कोणी वाचत नाही, मीसुद्धा नाही. म्हणून पानाच्या तळाशी सहा वाक्ये लिहिते. त्या आठवड्याची अशी होती: ‘ठरवून 8, न ठरवता 7. सातवे प्रकरण तीन दिवस पुढे, प्रकाशकांना कळवले. सर्वांत जुनी बाकी वारसनोंद, सात आठवडे, फोडली. आप्पा सोमवारी उतारा पाठवणार. जर्मन बुडीत. पुढच्या आठवड्यात नऊ कामे, त्यांत पहिले प्रतिज्ञापत्राचा मसुदा.’ एवढेच. बुधवारी दुपारी मी हीच सहा वाक्ये वाचते. बुधवारी वाचावीशी वाटली नाहीत तर सारांश चुकला असे समजते. बहुतेक वेळा तो फार लांब झालेला असतो, किंवा त्यात माणसांची नावे आणि वार नसतात.

संगणकावर यादी ठेवणाऱ्यांसाठी एक सोय सांगते. माझा दादा हेच काम स्प्रेडशीटमध्ये करतो. पहिल्या रकान्यात काम यादीत आल्याचा दिनांक, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात स्थिती आणि चौथ्यात हे सूत्र:

```
=IF(C2="बाकी",INT((TODAY()-A2)/7),0)
```

यामुळे प्रत्येक बाकी किती आठवड्यांची आहे हे आपोआप दिसते, आणि त्या रकान्यावर उतरता क्रम लावला की सर्वांत जुनी बाकी वर येते. एक धोका त्यात आहे. वहीत तीच ओळ हाताने पुन्हा लिहावी लागते, हात कंटाळतो, आणि त्या कंटाळ्यामुळे प्रश्न पडतो. संगणकात ओळ आपली आपण राहते, कोणाला त्रास देत नाही. दादाच्या यादीत एकदा एकतीस आठवड्यांची बाकी निघाली होती. म्हणून त्याने आता तीनच्या वरचा आकडा लाल दिसेल अशी व्यवस्था केली आहे.

आढावा मोडतो तो बहुधा सणांत. गणपतीचे दहा दिवस, लग्नसराई, कोणाचे आजारपण. दोन-तीन शनिवार चुकले की मागचे सगळे भरून काढावेसे वाटते आणि त्या भारानेच चौथाही चुकतो. मागचे आठवडे भरून काढू नयेत. त्या आठवड्यांत झालेली कामे लिहिली नाहीत म्हणून काही अडत नाही. शेवटची यादी घ्यायची, प्रत्येक बाकी अजून जिवंत आहे का एवढे बघायचे, आणि आजपासून नवे पान. मला दरवर्षी गणपतीनंतर हे करावे लागते, वीस मिनिटे लागतात.

दुसरी एक चूक ओळखायला अवघड आहे. झालेल्या कामांचा आकडा वाढू लागतो आणि सर्वांत जुनी बाकीही जुनी होत जाते. दोन्ही एकदम घडत असेल तर आपण सोपी कामे आधी उचलतो आहोत. नुसता आकडा पाहणाऱ्याला हे आठवडे उत्तम वाटतात. माझ्या त्या सात आठवड्यांत हेच चालले होते. म्हणून सारांशात झालेल्यांच्या आकड्याशेजारी सर्वांत जुन्या बाकीचे वय मी न चुकता लिहिते.

दोघांनी मिळून आढावा घ्यायचा असेल, म्हणजे नवरा-बायकोने किंवा लहानशा कार्यालयातल्या दोघांनी, तर प्रश्नाचे शब्द जपावे लागतात. ‘का नाही केलेस?’ विचारले की समोरचा सबब शोधतो, आणि कारणाच्या जागी सबब लिहिली गेली की पुढचा निर्णयही चुकतो. ‘कुठे अडले?’ विचारले तर तो जागा दाखवतो. आमच्या घरी हा फरक कळायला वर्ष गेले.

प्रत्येकाला हे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाच्या आईला किंवा घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असणाऱ्याला आठवड्याची यादी ठरवून करता येत नाही, त्यांचा सगळा आठवडाच न ठरवलेल्या रकान्यात असतो. बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत माझेही तसेच होते. तेव्हा मी कामांची यादी लिहिणे सोडले, फक्त ‘वाट’ रकाना चालू ठेवला: कोणता अहवाल यायचा, कोणत्या डॉक्टरांचा फोन यायचा, कोणाचे पैसे द्यायचे. तेवढा एकच रकाना पुरला.

आप्पाने सोमवारी नाही, गुरुवारी उतारा पाठवला. पुढच्या शनिवारी प्रतिज्ञापत्राचा मसुदा झालेल्यांत गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दादा पुण्याहून आला, आम्ही तिघांनी सह्या केल्या आणि ई-हक्कवर अर्ज भरला. तीन महिन्यांच्या मुदतीला तेव्हा दोन दिवस उरले होते. मग एका आठवड्यात गाव नमुना 6-कमध्ये प्रकरण चढल्याचे कळले, आणि नंतरचे तीन शनिवार त्या ओळीपुढे ‘वाट, आप्पा, बुधवारी विचारणे’ एवढेच होते. हा लेख पाठवते आहे तेव्हा नोटिसा गेल्या आहेत, पंधरा दिवसांपैकी नऊ झाले आहेत. वहीत ओळ अजून बाकीच आहे. तिच्यापुढे तारीख आहे, आप्पाचे नाव आहे, आणि पंधरावा दिवस धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येतो असे शाईने लिहिलेले आहे.